चित्रकलेच्या बाईंना पालकांची चिठ्ठी

मूल घरी शब्द सांगून संगणकाकडून चित्रे तयार करून घेऊ लागले, की पालकांनी त्याबद्दल चित्रकलेच्या शिक्षकांना एक छोटी चिठ्ठी लिहिणे उपयोगाचे ठरते. चित्र मागण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि चिठ्ठीचा खरा विषय हा मजकूर असतो, तयार झालेले चित्र नव्हे. मुलाच्या मनात आधी काय होते, ते त्याने कोणत्या शब्दांत सांगितले, पडद्यावर काय आले, त्यातले काय त्याला चुकीचे वाटले आणि नंतर त्याने कागदावर काय काढले, एवढे तिच्यात असावे. नुसत्या तयार चित्रावरून शिक्षकांना मुलाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. आठ वर्षांच्या मुलाने मागितलेले चित्र आणि चाळीस वर्षांच्या माणसाने मागितलेले चित्र सारखेच सफाईदार येते. हाताने काढलेल्या चित्रात पेन्सिलीचा दाब, खोडलेल्या रेषा, आधी काय काढले आणि नंतर काय भरले याच्या खुणा राहतात. पडद्यावरच्या चित्रात मुलाच्या हाताचा असा कोणताच माग नसतो. तो माग चिठ्ठीतून द्यायचा असतो.

चिठ्ठीत काय लिहावे हे ठरवण्याआधी चित्र कसे तयार होते ते ढोबळपणे माहीत हवे. यासाठीची साधने कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतची वर्णने यांच्या जोड्यांवरून शिकवलेली असतात. त्यातल्या बऱ्याच साधनांत चित्राची सुरुवात नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून होते, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या त्या मुंग्यांसारख्या. मग टप्प्याटप्प्याने तो गोंधळ कमी केला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर दिलेल्या शब्दांशी जुळेल असा आकार पुढे आणला जातो. सुरुवातीचा गोंधळ दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे तेच शब्द पुन्हा दिले तरी चित्र वेगळे येते. मुलाला हे आधी सांगितलेले बरे. नाहीतर दुसऱ्यांदा आलेले वेगळे चित्र पाहून आपलेच शब्द चुकले, असे त्याला वाटते.

शिकवण्यासाठी वापरलेली वर्णने कोणत्या भाषेत होती, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. २०२२ साली खुला झालेला लायन-५बी हा चित्र-वर्णनांचा संग्रह यातला प्रसिद्ध आहे. त्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटींची वर्णने इंग्रजीत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेले स्टेबल डिफ्यूजन हे साधन याच संग्रहाच्या भागांवर शिकवले गेले. नंतरची अनेक साधने मराठीतला मजकूर बऱ्यापैकी समजून घेतात. पण मराठी शब्द समजणे आणि त्या शब्दामागची वस्तू कशी दिसते हे ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तूची चित्रे नावानिशी फारशी उपलब्ध नाहीत, तिथे साधन जवळपासचे काहीतरी काढून देते, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने.

विदर्भातला तान्हा पोळा घेऊन हे नीट पाहता येते. पोळा श्रावणातल्या अमावास्येला येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवतात. या बैलाला पायांखाली चाके असतात, पुढे दोरी असते, आणि घरोघर त्याला नंदी म्हणतात. सजलेली मुले तो ओढत शेजारीपाजारी जातात आणि त्यांना खाऊ किंवा पैसे मिळतात, त्याला बोजारा म्हणतात. समजा, नागपूरकडच्या एका घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला हे चित्र हवे आहे. तिचा पहिला प्रॉम्प्ट असतो फक्त दोन शब्दांचा: तान्हा पोळा. मुलांचे पहिले प्रॉम्प्ट बहुधा असेच असतात, नुसते नाव. ते नाव उच्चारताच तिच्या डोळ्यांसमोर अंगण, दोरी, चाकांचा खडखडाट, नवा फ्रॉक असे सगळे उभे राहते. साधनाकडे त्यातले काहीच नसते. ते शेतात उभा असलेला, झूल घातलेला खराखुरा बैल देण्याची शक्यता मोठी, किंवा मग एखादे वासरू. घरातल्या नावाने, म्हणजे नंदी असे लिहून मागितले, तर शंकराच्या देवळासमोरचा दगडी नंदी येईल.

इथे पालकांचा हात आपोआप कीबोर्डकडे जातो. तो आवरायला हवा. पालकांनी नेमके, लांबलचक वर्णन लिहून दिले तर चित्र सुधारते, पण ते वर्णन मुलीचे राहत नाही आणि चिठ्ठीत सांगण्यासारखेही काही उरत नाही. त्याऐवजी कागद घेऊन आधी चित्र काढायला सांगावे. साधेच, पेन्सिलीने, पाच-दहा मिनिटांत होईल तेवढे. मग त्या चित्राकडे पाहून, ज्याने लाकडी बैल कधी पाहिलाच नाही अशा माणसाला सांगावे तसे तिने सांगायचे आणि पालकांनी तिच्याच शब्दांत टाइप करायचे. पालकांनी विचारायचे ते एवढेच: तो कशाचा केलेला आहे, केवढा आहे, कुठे उभा आहे, आपण त्याच्याकडे कुठून पाहतो आहोत, बाजूला कोण आहे. उत्तर पालकांनी सुचवायचे नाही. ‘पाठीवर काय आहे?’ हा प्रश्न चालतो. ‘पाठीवर लाल झूल आहे ना?’ हा चालत नाही.

अशा बोलण्यातून तिचा दुसरा प्रॉम्प्ट साधारण असा तयार होईल: ‘अंगणात एक लाकडी खेळण्यातला बैल. मांजराएवढा. पायांच्या खाली चार लाकडी चाकं. पाठीवर लाल कापड. शिंगं हिरवी. आठ वर्षांची मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्ये दोरीनं बैल ओढते आहे. आम्ही बाजूने बघतोय.’ यात तान्हा पोळा हे नावच नाही आणि तरी चित्र आता बरेच जवळ येते. नाव चालत नाही तिथे पदार्थ, आकार, माप आणि जागा सांगावी लागते, हे मुलीला यातून कळते. ‘मांजराएवढा’ हे तिचे स्वतःचे माप आहे. ते पालकांनी सेंटिमीटरमध्ये बदलू नये. साधनालाही तेच जास्त उपयोगी पडते, आणि शिक्षकांना ती मापाचा विचार कसा करते ते दिसते. एक धोका मात्र लक्षात ठेवावा: कधी कधी अंगणात खरोखरचे मांजरही हजर होते.

चुका कुठे होतात हेही ठरलेले आहे. रंग एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर सांडतात. झूल पिवळी होते, फ्रॉक लाल होतो, किंवा हिरवी शिंगे सांगितलेली असताना दोरी हिरवी येते. एका प्रॉम्प्टमध्ये तीन-चार वस्तू आणि तितकेच रंग आले की हे हमखास वाढते. त्यावर उपाय म्हणजे रंगाचा शब्द त्या वस्तूला चिकटूनच लिहायचा, एका वाक्यात एकच वस्तू ठेवायची, आणि तरीही जमले नाही तर एक रंग सोडून द्यायचा. संख्या चुकतात. बोटे आणि दोरी धरलेली मूठ चुकते. पताकेवर किंवा पाटीवर देवनागरी अक्षरे मागितली तर अनेक साधनांत अक्षरांसारखे दिसणारे, पण वाचता न येणारे काहीतरी उमटते. नकारही नीट पोचत नाही. ‘गर्दी नको’ असे लिहिले की काही साधने गर्दी हा शब्द उचलतात आणि माणसे आणून उभी करतात. तेव्हा नको ते सांगण्याऐवजी हवे ते सांगायचे: अंगण रिकामे, मुलगी एकटी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या शब्दाने काय झाले ते कळेल, असे म्हणतात ते बरोबरच आहे. मात्र एक शब्द बदलला तरी पुष्कळ साधनांत सगळे चित्र नव्याने तयार होते, त्यामुळे शब्द आणि परिणाम यांची जोडी नेहमी सरळ लागत नाही. आठ वर्षांच्या मुलीला इतके सांगितले तरी पुरे की दोन-तीनदा तेच शब्द देऊन पाहू, आणि प्रत्येक वेळी जे दिसले ते शब्दांमुळे आले असे समजू.

या सगळ्यात चिठ्ठीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची जागा चाकांची आहे. या वयाची मुले बैल बाजूने काढतात आणि चाके मात्र चारही काढतात, एका रेषेत, एकापुढे एक. चाके चार आहेत हे त्यांना माहीत असते, म्हणून ती चारही कागदावर येतात. फ्रेंच अभ्यासक झॉर्झ-आंरी ल्यूके यांनी बालचित्रांवरच्या १९२७ च्या पुस्तकात याचे वर्णन केले आहे: मूल डोळ्यांना दिसते तसे काढत नाही, ते वस्तूबद्दल जे जाणते ते काढते. पोटातले बाळ किंवा घराच्या भिंतीपलीकडची माणसे याच कारणाने चित्रात आरपार दिसतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण सात ते नऊ वर्षांचा काळ ठरावीक आकारांचा आहे. माणसाचा एक ठरलेला आकार, झाडाचा एक, तळाशी जमिनीची एक रेष आणि तिच्यावर सगळे उभे. चार चाकांचा बाजूने पाहिलेला बैल या टप्प्यात चूक नसतो. तो त्या वयाचा पुरावा असतो.

साधनाने दिलेल्या चित्रात मात्र बाजूने पाहिल्यावर दोनच चाके पूर्ण दिसतात, पलीकडची झाकली जातात किंवा जेमतेम डोकावतात. मुलगी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहते आणि तिला प्रश्न पडतो की खरे कोणाचे. हा प्रश्न तिने मोठ्याने विचारला नाही तरी एका खुणेवरून ओळखता येतो: पुढच्या चित्रात ती स्वतःची चार चाके खोडून दोन करते. पालकांनी इथे निकाल देऊ नये. संगणकाचे बरोबर म्हटले तर ती पडद्याची नक्कल करू लागते. तुझेच बरोबर म्हटले तर आईबाबा आपली समजूत घालत आहेत हे तिला कळते. घरातला लाकडी बैल टेबलावर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि ती त्याच्याभोवती फिरून काय पाहते ते बघावे. समोरून किती चाके दिसतात, बाजूने किती, वरून किती, हे तिनेच मोजायचे. तिने जे काढले ते जसेच्या तसे राहू द्यावे आणि घडलेला प्रकार चिठ्ठीत लिहावा. आता पुढे काही शिकवायचे की तिला तिच्या गतीने जाऊ द्यायचे, हे ठरवणे शिक्षकांचे काम आहे. वर्गात तिच्या वयाची बाकीची मुलेही त्यांच्यासमोर असतात.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. काही साधने मुलाने लिहिलेला प्रॉम्प्ट तसाच वापरत नाहीत. आतमध्ये दुसरी एक यंत्रणा तो मजकूर फुलवून मोठा करते आणि मग चित्र तयार होते. २०२३ मध्ये आलेल्या डॅल-ई ३ पासून ही पद्धत ठळकपणे दिसू लागली. त्यामुळे मुलीने कधीही न सांगितलेला मावळता सूर्य, झेंडूची तोरणे, मागे कौलारू घर, सोनेरी उजेड असे काही चित्रात येते. ओळखण्याची रीत सोपी आहे: चित्रातल्या वस्तू एकेक बोटाने दाखवायच्या आणि प्रत्येकीसाठी विचारायचे की हे तू सांगितले होतेस का. ज्यांचे उत्तर ‘नाही’ येते ते सगळे साधनाचे. या खेळात मुलांना मजा येते आणि आपले काय व परके काय, हा फरक त्यांच्या बोलण्यात लगेच उतरतो. परकी भर बहुतेकदा ठरावीक छापाची असते. भारतातले घर म्हटले की मातीचे, आजी म्हटली की नऊवारी आणि मोठे कुंकू. ही आजी आपल्या आजीसारखी दिसत नाही असे मूल म्हणाले, तर ते वाक्य चिठ्ठीत अवश्य लिहावे.

शैलीचे नाव प्रॉम्प्टमध्ये घातले होते का, हेही लिहावे. ‘वारली शैलीत’ असे म्हटले की साधन त्रिकोणी माणसे देते, पण त्यांना सावल्या, चेहरे, रंगीत कपडे चढवते. डहाणू-पालघरकडच्या वारली चित्रांत तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग मातीच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर असतो आणि टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहतो. मुलाने वारली म्हणून जे पाहिले ते वारली नसेल, तर ते दुरुस्त करणे चित्रकलेच्या तासाला सोपे जाते. मात्र त्यासाठी शिक्षकांना ते आधी ठाऊक हवे.

खाते कोणाचे, हा प्रश्न छोटा वाटतो पण चिठ्ठीत त्याचेही उत्तर हवे. बऱ्याच साधनांच्या अटींत किमान वयाची मर्यादा असते, आणि ती अनेक ठिकाणी १३ वर्षांची आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे बंधनकारक केले आहे. आठ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नावाने खाते उघडणे म्हणूनच योग्य नाही. पालकांचे खाते, पालक शेजारी बसलेले आणि टाइप करणारे हात पालकांचे, ही पद्धत ठेवावी. मुलीचा फोटो, शाळेचे नाव, गणवेशाचा बिल्ला दिसणारे चित्र यांतले काहीही साधनाला देऊ नये. तिने काढलेल्या चित्राचा फोटो चढवून ‘हे छान करून दे’ असे सांगणेही टाळावे. त्यात माहितीचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. स्वतःच्या चार चाकांच्या बैलाचा चकचकीत झालेला अवतार पाहिल्यावर अनेक मुले मूळ चित्र बाजूला सारतात.

या सगळ्यातून अर्ध्या पानाची चिठ्ठी होते. तिचा नमुना असा:

‘बाईंना नमस्कार. चौथीतल्या माझ्या मुलीने या आठवड्यात घरी पहिल्यांदा शब्द सांगून संगणकावर चित्रे करून घेतली. खाते माझे होते, टाइप मी केले, शब्द तिचे. विषय तान्हा पोळा. आधी तिने पेन्सिलीने चित्र काढले, ते सोबत जोडले आहे. नुसते नाव दिल्यावर शेतातला खरा बैल आला, तेव्हा ती म्हणाली, “याला चाकं कुठंयत?” मग तिने पाहून सांगितलेले शब्द मागे लिहिले आहेत. दोन शब्द मी सुचवले, त्यांच्याखाली रेघ मारली आहे. आलेल्या चित्रात झूल पिवळी झाली होती आणि मागे सूर्य मावळत होता. हे आपण सांगितलेले नाही, असे तिने ओळखले. तिच्या चित्रात बैलाला चार चाके आहेत. संगणकाचे चित्र पाहिल्यानंतर तिने दुसऱ्या चित्रात दोनच काढली आणि मग बराच वेळ खऱ्या लाकडी बैलाकडे बघत होती. मी काही सांगितलेले नाही. हे तिला आता समजावून द्यावे की तसेच राहू द्यावे, ते कळवावे. तोवर आम्ही घरी नवीन चित्र करणार नाही.’

या नमुन्यात कौतुक नाही आणि तक्रारही नाही, हे मुद्दाम आहे. ‘किती सुंदर चित्र केले!’ अशी चिठ्ठी आली तर शिक्षकांना उत्तर द्यायला जागाच राहत नाही. चिठ्ठीत एकच प्रश्न आहे, तोही शिक्षक ज्याचे उत्तर देऊ शकतील असा. पालकांनी सुचवलेल्या शब्दांखाली रेघ आहे, कारण ते शब्द मुलीचे समजले गेले तर तिच्या वर्णनशक्तीचा अंदाज चुकतो. मुलीचे वाक्य तिच्याच बोलीत आहे. ते शुद्ध करून लिहिले तर त्यातली नेमकी चिडचिड निघून जाते.

शिक्षकांच्या हाती अशी चिठ्ठी पडली तर तिचा सरळ उपयोग आहे. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे विषय असतात. स्मरणचित्रात प्रसंग शब्दांत दिलेला असतो आणि विद्यार्थ्याने तो आठवणीतून उभा करायचा असतो. तिथे साधनाचे काम मूलच करते: शब्द वाचायचे, त्यांत नसलेले स्वतःच्या पाहण्यातून भरायचे, माणसे आणि वस्तू कागदावर कुठे बसवायच्या ते ठरवायचे. ज्या मुलीने संगणकाला बैल समजावून सांगण्यासाठी तो मापाने, पदार्थाने आणि जागेने सांगितला, तिला पुढे स्मरणचित्राचा विषय वाचताना नेमके हेच प्रश्न स्वतःला विचारता येतील. शिक्षक तिने सांगितलेले वर्णन वर्गात वाचून दाखवू शकतात आणि सगळ्या मुलांना त्यावरून चित्र काढायला सांगू शकतात. पंचवीस मुलांचे पंचवीस बैल येतात. कोणाचे काय शब्दांत होते आणि कोणी काय स्वतःहून घातले, हे बोटाने दाखवण्याचा घरचा खेळ वर्गातही चालतो. चाकांचा प्रश्न वस्तुचित्राच्या तासाला सुटतो, आणि तोही मुलीला एकटे न पाडता.

चिठ्ठी पहिल्या काही चित्रांनंतरच, सवय लागण्याआधी द्यावी. सोबत मुलाने हाताने काढलेली चित्रे जोडावीत, खोडलेली आणि अर्धवट राहिलेलीसुद्धा. संगणकाचे चित्र शिक्षकांनी मागितले तरच पाठवावे.